तोरिल कुणावर?

सिग्रुनचा फोन आला तेव्हा मी कालचं माशाचं सूप गरम करत होतो. जानेवारीतला सोमवार. आमच्या उत्तर नॉर्वेच्या बेटावर सूर्य नोव्हेंबरअखेर जो बुडतो तो जानेवारी सरत आल्यावरच तोंड दाखवतो, त्यामुळे सकाळचे दहा वाजले तरी खिडकीबाहेर शाई ओतल्यासारखं होतं. सिग्रुन आमच्या शाळेची मुख्याध्यापिका. मी त्या शाळेत एकतीस वर्षं होतो. शिपाई म्हणा, सुतार म्हणा, बंबाला लाकडं घालणारा म्हणा, सगळं मीच. आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे आणि शाळेशी माझा संबंध नाही. मी तो ठेवलाही नव्हता.

ती म्हणाली, भिंतीवरची जुनी घंटा वाजते.

मी म्हणालो, वाजणारच. घंटा आहे ती.

ती म्हणाली, "आन्फिन, तिला वायरच नाही हो."

सूप उतू गेलं. मी गॅस बंद केला आणि हत्यारांची पिशवी शोधायला लागलो.

नाताळच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवसापासून हे चाललं होतं. रोज बारा वाजून वीस मिनिटांनी. नवीन घंटा आत आहे, ती कसलंसं संगीत वाजवते, आइस्क्रीमच्या गाडीसारखं. ही जुनी पितळी घंटा बाहेर, दाराच्या वर. तिची वायर मीच कापली होती, तीस वर्षं झाली असतील. शहरातून इलेक्ट्रिशियन आला, शिडीवर चढला, उतरला, आणि आता तो सिग्रुनचा फोन उचलत नाही. पोरगा हुशार म्हणायचा.

मी अकराला पोचलो. बूट दारात काढायचे, आत मोज्यांवर चालायचं, ही रीत अजून तशीच आहे. ओल्या लोकरीचा, उघडलेल्या डब्यांचा आणि आमच्याकडच्या गोडसर तपकिरी चीजचा वासही तसाच. शिडी लावून मी वर चढलो. घंटेच्या मागे वायरचे दोन तुकडे, माझ्याच पकडीने कापलेले, हिरवे पडलेले. घंटेवर आपटणारी छोटी हातोडी गंजून जागच्या जागी बसलेली. मी बोटाने ढकलून पाहिली. हलेना. पण पितळेवर, हातोडीसमोरच्या जागी, नाण्याएवढा एक ठिपका चकचकीत होता. रोज ठोका बसतो तिथे होतो तसा.

मी उतरलो.

साडेअकराला मधली सुट्टी झाली आणि पोरं बाहेर आली. हवा कशीही असो, सगळ्यांनी बाहेर जायचं, आत कुणी थांबायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. खांबांवरचे दिवे लागलेले, बर्फ पिवळं दिसत होतं, त्यापलीकडे काळोख आणि समुद्राचा आवाज. पिवळं जाकीट घातलेली एक बाई पोरांवर लक्ष ठेवायला होती. ती वारा चुकवून दारापाशी उभी होती. बरोबर आहे, मीही तिथेच उभा राहायचो. तिथून मैदानाच्या कडेच्या लाकडांच्या खोपटामागचं काही दिसत नाही.

मी शिडी बांधत होतो. मागून एका पोराचा आवाज आला.

"तोरिल तुझ्यावर!"

माझ्या हातातली दोरी सुटली.

एका लाल टोपीवाल्या मुलीच्या पाठीत थाप बसली होती आणि सगळी पोरं किंचाळत, हसत चहूबाजूंना पळाली होती. ती मुलगी मध्ये एकटी उभी. दोन पावलं एकाकडे गेली, तो ओरडत लांब गेला. दुसरीकडे गेली, तीही लांब. मग ती नुसती उभी राहिली. आणि हसली. ओठ हसत होते, बाकी चेहरा पोचलाच नव्हता तिथपर्यंत. ते हसू मी ओळखतो. ज्याच्यावर सगळे हसतात तो शेवटी त्यांच्याबरोबर हसायला लागतो, म्हणजे निदान घोळक्यात असल्यासारखं वाटतं.

माझ्याजवळून एक बुटका पोरगा चालला होता, त्याला मी दंडाला धरून थांबवलं. कसला खेळ हा?

"तोरिल."

"तोरिल म्हणजे काय?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा म्हातारा वेडा आहे. "तोरिल म्हणजे तोरिल. शिवाशिवी असते ना, तशी. ज्याच्यावर असेल त्याला शिवायचं नाही. घंटा झाली की ज्याच्यावर असेल त्याच्यावरच राहते."

मी विचारलं, आता कुणावर आहे?

"उग्नेवर. तिच्यावरच असते, आजोबा. तिला काही वाटत नाही. ती हसते."

त्याला मी सोडलं. तो दंड झाडत पळाला. मी आपला तसाच उभा. त्या पोरांच्या आईबापांचे सुद्धा दुधाचे दात पडायचे होते तेव्हा तोरिल गेली. त्यांना ठाऊकच नव्हतं की ते एका मुलीचं नाव आहे.

आता तिच्याबद्दल सांगतो. गावात कुणी नीट सांगणार नाही.

तोरिल तिसरीत आली, दुसऱ्या बेटावरून, आईबरोबर. बारीक, वेणी घालणारी, नियमाने वागणारी पोर. दोन आठवड्यांत वर्गात खेळ सुरू झाला, "तोरिलची ऊ". तिला शिवलं, तिच्या खुर्चीला, वहीला, कोट अडकवायच्या खुंटीला शिवलं की ऊ लागली. लागली की दुसऱ्याला लावायची. घंटा व्हायच्या आत. वेंके म्हणून एक मुलगी ते चालवायची. दोघी-तिघी तिच्या हाताखाली. दहाएक जण हसायला. उरलेले बघायला. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. मास्तर विचारायचे, काय चाललंय? पोरं म्हणायची, खेळतोय. मास्तर तोरिलला विचारायचे, खेळ आहे ना? ती मान हलवायची. आता सगळ्यांसमोर विचारल्यावर पोर काय सांगणार?

मी सगळं बघत होतो. शिपायाला सगळं दिसतं, कारण शिपाई कुणाला दिसत नाही. सोमवारी तिचं पोट दुखायचं. ती पाणी प्यायची बंद झाली, कारण संडासात वेंकेच्या मैत्रिणी उभ्या असायच्या. पावाचा डबा ती माझ्या बंबाच्या खोलीबाहेर उभ्याने खायची. भिंतीला धरून चालायची, कुणाला चुकून धक्का लागू नये म्हणून. पुढे पुढे हात धुवायला लागली. इतके, की बोटांच्या सांध्यांवर भेगा पडल्या. तिची आई रोज रात्री फणी घेऊन केस विंचरायची, एक ऊ सापडायची नाही. एके दिवशी तोरिल कातरीने स्वतःच वेणी कापून शाळेत आली. पोरं हसली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. एवढी सगळी माणसं रोज सांगतात तर खरंच असेल, असं त्या पोरीला वाटायला लागलं होतं.

मी काय केलं? मी म्हणालो, पोरंच ती. मलाही शाळेत मार पडला, मी मेलो का? माझं काम बंबाचं.

पाचवीच्या हिवाळ्यात ती मधल्या सुट्टीत मैदानातच थांबेनाशी झाली. खोपटामागून खाली समुद्राकडे जायची, तिथे होड्या ठेवायची जुनी खोप आहे, तिच्यात बसायची. घंटा ऐकली की परत. रोज. तिच्या पावलांची वाट पडली होती बर्फात. ती मी पाहिलेली, मास्तरांनी पाहिलेली, वर्गातल्या तेवीसच्या तेवीस पोरांनी पाहिलेली.

तेव्हा मधली सुट्टी बारा वीसला संपायची. त्या दिवशी वादळ होतं. बारा वीसला घंटा झाली नाही. मी सकाळी तिचा फ्यूज काढून बंबाच्या खोलीतल्या हीटरला लावला होता आणि परत बसवायला विसरलो. मग मी दारात उभा राहून टाळ्या वाजवल्या, ओरडलो, चला रे आत. पोरं आत आली. खोपीपर्यंत टाळ्या पोचत नाहीत.

वर्गात तिची खुर्ची रिकामी. मास्तरांना वाटलं, पोट दुखत असेल. तेवीस पोरांना माहीत होतं ती कुठे आहे. एकजण बोललं नाही. नाव घेतलं तरी ऊ लागते, असा नियम निघाला होता.

ती सापडली दुसऱ्या दिवशी. खोपीत नाही, खोप आणि शाळा यांच्या मध्ये, बर्फाखाली.

पोलिसांनी मला विचारलं, घंटा झाली होती का? मी म्हणालो, झाली होती. बारा वीसला, रोजच्यासारखी. तेव्हापासून गाव म्हणतं, मुलगी हट्टी होती, घंटा ऐकूनही आली नाही.

हे मी सिग्रुनला तिच्या खोलीत सांगितलं. म्हणजे ऊ आणि वेंके एवढंच. फ्यूजचं नाही. सिग्रुनला सांगायची गरजच नव्हती खरं तर. ती त्या तेविसांपैकी एक.

आजच्या खेळाचं नाव तिने ऐकलं नव्हतं. मोठ्यांसमोर पोरं ते म्हणतच नाहीत. मी कुणाच्या खिजगणतीत नव्हतो म्हणून मला ऐकू आलं. तिने कपाटातून कागद काढले. वर्षातून दोनदा पोरांकडून नाव न घालता लिहून घेतात, तुला कुणी छळतं का, दुसऱ्याला छळताना पाहिलंस का. सगळे कागद स्वच्छ. उग्नेचाही असणार त्यातच. उग्नेची आई लिथुआनियाहून मासळीच्या कारखान्यात कामाला आलेली, पोर ऑगस्टपासून शाळेत. आणि बाकीच्यांनी तरी काय लिहावं? छळ कुठे चाललाय, खेळ चाललाय.

सिग्रुन कागदांकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "मी तोरिलला एकदाही शिवले नाही. खेळात नव्हतेच मी. दोन हात लांब उभी राहायचे. रात्री अंथरुणात मोजायचे, आज मी काही केलं नाही, आज मी काही केलं नाही... मला वाटायचं म्हणजे मी चांगली." मग म्हणाली, "अजून मला रांगेत उभं राहता येत नाही. पुढच्या माणसापासून किती हात, ते मोजत बसते."

मी तिला म्हणालो, तू दहा वर्षांची होतीस. ती म्हणाली, आणि तुम्ही?

मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. बारा अठरा. पोरं बाराला आत गेली होती. मजल्यावर चिडीचूप. कुठेतरी एक वर्ग पाढे म्हणत होता.

आम्ही दोघं खाली दाराशी जाऊन उभे राहिलो. काचेचं नाही, जुनं लाकडी दार आहे ते, आतून पितळी मूठ. पोरं आत आली की आपोआप कुलूप बसतं, बाहेरून मूठ दाबली तरी उघडत नाही. शेजारी भिंतीवर खुंट्या, खाली बुटांची रांग. लोकरीचा वास. मग दुसरा वास आला. डांबराचा, भिजलेल्या दोरखंडाचा... खोपीतला.

आणि घंटा वाजली.

मी ती घंटा वर्षानुवर्षं वाजवली आहे. सहा सेकंद, जास्त नाही. ही थांबली नाही. गंजलेली हातोडी, कापलेली वायर, आणि ती डोक्यावर कर्कश वाजत राहिली, दाराची फळी माझ्या हाताखाली थरथरत होती. वरचे पाढे चालूच होते. त्यांना ऐकू येत नसावं.

थांबली.

मग मूठ खाली गेली.

हळूच. खालून दाबल्यासारखी, छोट्या उंचीवरून. वर आली. पुन्हा खाली गेली. सिग्रुनने माझी बाही धरली होती. पुन्हा वर. पुन्हा खाली, तिसऱ्यांदा, अगदी हलकेच, दार वाजवलं तर कुणी रागावेल असं वाटणाऱ्या पोराने दाबावी तशी.

मी खाली बुटांच्या रांगेवर बसलो. कारण हे मी आधी पाहिलं होतं.

फ्यूजचं खोटं मी बोललो ते मला रोज आठवत होतं. हे आठवत नव्हतं. त्या दिवशी, पोरं आत गेल्यावर, मी ही फरशी पुसत होतो. मूठ खाली गेली. तीन वेळा. मला ठाऊक होतं कोण असेल. आणि मी... फरशी ओली होती. मी मनात म्हणालो, उशिरा आलीस ना, राहा जरा उभी, शिकशील. बादली उचलली आणि मागच्या बाजूला गेलो. वादळात ती आली होती, घंटेशिवाय, आपलीआपण. दारापर्यंत. आणि परत गेली.

सिग्रुन म्हणाली, "उघडा."

मी म्हणालो, तू उघड.

"आन्फिन. उघडा."

मी उठलो आणि उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. पायरीवर, पोरं आत गेल्यावर वाऱ्याने आणून टाकलेलं भुरभुरं बर्फ, त्यावर एक पाऊल नाही. पण मैदानाच्या कडेला, दिव्याच्या उजेडाच्या टोकाला, खोपटाला वळसा घालून खाली जाणारी पावलांची वाट होती. रोजच्या जाण्याने दबलेली. त्यावर आजचे ताजे ठसे. जाणारे. परत येणारे नव्हते.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. लाल टोपी खोपटामागे जाताना मी पाहिली होती. मधल्या सुट्टीत. मी शिडी बांधली, मनात म्हणालो, गेली असेल आत. पुन्हा. या वयात, एवढं होऊनही, पुन्हा.

"उग्ने वर्गात आहे का बघ," मी सिग्रुनला म्हणालो. ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली. मी वाट पाहिली नाही. बूट सापडेनात, मोज्यांवर निघालो. मागून ती धावत आली. उग्ने वर्गात नव्हती. बाईंना वाटलं होतं, पोट दुखतंय म्हणून नर्सकडे गेली.

खोपीचं दार अर्धं बर्फात रुतलेलं. आत उलट्या घातलेल्या दोन होड्या, डांबर, काळोख. सिग्रुनने मोबाइलचा दिवा लावला. पोर शिडाच्या कापडात गुंडाळून बसली होती. ओठ निळे. हातमोजे काढून नीट एकावर एक शेजारी ठेवलेले. हाताचे सांधे फुटलेले, लाल. मी माझा मफलर काढून तिचे दोन्ही हात त्यात गुंडाळले. झोपू नकोस, म्हणालो, बोल माझ्याशी. घंटा ऐकली नाहीस का?

तिचं नॉर्वेजियन तुटकं आहे, पण मला शब्द न् शब्द समजला.

"घंटा होणार नाही म्हणाली ती. तू बस, मी दार वाजवून येते म्हणाली." मग जरा वेळाने, "मागच्या वेळी कुणी उघडलं नाही म्हणाली."

सिग्रुनने एकच विचारलं, कोण ती? उग्ने म्हणाली, आखूड केसांची. कातरीने वेडेवाकडे कापलेले.

सिग्रुन पुढे वाट तुडवत निघाली, मी पोरीला उचलून मागे. खोपीच्या दारातून वाकून बाहेर पडत होतो. पोरीचे दोन्ही हात मफलरात, माझ्या छातीशी. सिग्रुन पंधरा पावलं पुढे. आणि माझ्या पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, एक थाप बसली. हलकी. छोट्या हाताची.

मी वळून पाहिलं नाही. ते मी कुणाला सांगितलंही नाही, आत्ता लिहितोय तेवढंच.

उग्ने वाचली. एका बोटाचं टोक गेलं, बाकी ठीक.

पुढचं सिग्रुनने केलं. मी म्हणालो होतो, त्या उग्नेच्या पाठीत थाप मारणाऱ्या पोराला, एस्किल त्याचं नाव, सगळ्यांसमोर उभा करून दोन कानाखाली द्या, मिटेल. ती म्हणाली, कानाखाली दिली तर तो ती पुढच्याला देईल. खेळ तोच राहील.

तिने आधी उग्नेला एकटीला बसवलं, आईला बोलावलं, दुभाषी आणला, सगळं ऐकून घेतलं. पहिलं वाक्य हे, की यात तुझी चूक काही नाही. एस्किलशी हात मिळवायला लावलं नाही. मग एका सकाळी वर्गातल्या पोरांना एकेकाला वेगळं बोलावलं, म्हणजे बाहेर जुळवाजुळव करता येऊ नये. ओरडली नाही. तू काय पाहिलंस, तुला काय वाटलं, उद्या तू काय करशील. निम्मी पोरं रडली म्हणे. त्यांना रोज धास्ती असायची, आज आपल्यावर येते की काय. हसलो नाही तर येईल, म्हणून हसायची. त्यातल्या तिघांनी आपणहून सांगितलं, डबा आम्ही तिच्याबरोबर खाऊ. एस्किलला तिने स्पष्ट सांगितलं, हे आजपासून बंद. पण मग त्यालाही ऐकत बसली. त्याच्या घरी मोठा भाऊ त्याच्याशी काय करतो ते बाहेर आलं. त्याचंही कुणीतरी बघायला हवं होतं ना. आठवड्याने पुन्हा सगळ्यांना विचारलं, मग महिन्याने पुन्हा. पिवळ्या जाकिटातली बाई आता खोपटामागे चक्कर मारते. आणि आता कायदाच आहे म्हणे, शाळेतल्या कुठल्याही मोठ्या माणसाने पाहिलं तर मध्ये पडायचं आणि सांगायचं. शिपायाने सुद्धा. माझ्या वेळी नव्हता. असता तरी मी काय केलं असतं, देव जाणे.

मी पोलिसांकडे जाऊन फ्यूजचं लिहून दिलं, मुठीचंही. तिथला पोरगा म्हणाला, फार जुनं आहे, आता काही होत नाही. मग वृद्धाश्रमात तोरिलच्या आईकडे गेलो. ब्याण्णव वर्षांची. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझी तोरिल घंटा झाल्यावर न येणारी नव्हती. मी सगळ्यांना सांगत होते." एवढंच. मला जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही.

वेंके मासळीच्या धक्क्यावर भेटली. पन्नाशी उलटलेली, कोपरापर्यंत रबरी हातमोजे. ते ती घरीही काढत नाही म्हणतात. नवरे दोन झाले, टिकले नाहीत. मी तोरिलचं नाव काढलं तर सुरी खाली ठेवून म्हणाली, "तोरिल यायच्या आधी काय म्हणायचे माहितीय? वेंकेची ऊ. दोन वर्षं. आमच्या घराला वास यायचा म्हणून. ती आली आणि मी तिला दिली. रोज द्यावी लागायची. एक दिवस थांबले असते तर माझ्याकडे परत आली असती." मग तिने हातमोज्यांकडे बघितलं. "आलीच," म्हणाली.

ती शाळेत होती तेव्हा मी तिच्या पाठीवरही कधी हात ठेवला नव्हता. आताही ठेवला नाही. पण कारण वेगळं होतं.

मी कुणाला शिवत नाही. त्या दिवसापासून. खोपीतली ती थाप माझ्यावर आहे आणि ती पुढे द्यायची नाही असं मी ठरवलं आहे. दुकानात पिशवी टेबलावर ठेवायला लावतो. हात पुढे करणाऱ्याला मान हलवतो. लोक म्हणतात, म्हातारा आणखी बिघडला. म्हणोत.

घंटा मी काढून आणली. हातोडी उपटून समुद्रात फेकली, घंटा टॉवेलात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. शाळेत आता काही वाजत नाही. इथेही वाजलेली नाही.

शनिवारी उग्ने येते, आई कारखान्यात असते म्हणून. मी वाफल करतो, ती साखर जास्त घालते, मी ओरडतो. काल आली, दारात बूट काढले, आणि रोज मधोमध फेकते ते नीट उचलून एका बाजूला सरकवले. अर्धं पायपुसणं मोकळं सोडलं.

मी म्हणालो, आज काय शिस्त आली?

"तिच्या बुटांना जागा," ती म्हणाली.

मी हातातला चमचा खाली ठेवला. कुणाच्या बुटांना?

"ती पायरीवर आहे, आजोबा. बोलावल्याशिवाय येत नाही ती." उग्नेने खुर्चीवर चढून बशी पुढे ओढली. "मी म्हटलं चल, तर म्हणाली, तुमच्यावर आहे ना अजून. घंटा होऊ दे मग येते म्हणाली."

मी फळीकडे पाहिलं. टॉवेलाची गाठ मी बांधली होती तशीच होती. घड्याळात बारा एकोणीस झाले होते.

घंटा वाजायच्या आधीच दाराची मूठ खाली गेली.